एकमालकी धंदा, करंट अकाउंट आणि मालकाचा पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान धंद्यांचे हिशेब लिहिते. किराणा, शिवणकाम, छपाई, डबे-फराळ असे धंदे; बहुतेक ठिकाणी मालक एकच आणि मदतीला दोन-तीन माणसं. वर्षभर फोनवर आणि समोर बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकमालकी धंद्यासाठी, म्हणजे प्रोप्रायटरशिपसाठी आहेत. भागीदारी आणि कंपनीचं वेगळं काय ते प्रश्न १३ मध्ये आहे.

उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतलं आहे. डोंबिवलीतल्या एक ताई रोजचे डबे देतात आणि गणपती-दिवाळीला मोदक-फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या परवानगीने आकडे दिले आहेत, ते फक्त सोपे जावेत म्हणून पूर्णांकात केले आहेत.

१. धंदा माझाच, पॅन माझाच, पैसेही शेवटी माझेच. मग वेगळे कशाला ठेवायचे?

कायद्याने तुमचं बरोबर आहे. एकमालकी धंदा आणि मालक ही दोन वेगळी माणसं नाहीत. धंद्याचं कर्ज मालकाचं आणि धंद्याचा नफा मालकाच्याच विवरणपत्रात जातो. वेगळं ठेवायचं ते धंदा खरंच चालतोय का हे कळावं म्हणून.

ताईंचं पासबुक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका पानावर एकाखाली एक अशा नोंदी होत्या: गिऱ्हाइकाचे ४५०, मुलीची शाळेची फी, तुपाचा डबा, मोबाइल रिचार्ज, पुन्हा गिऱ्हाइकाचे १,८००, दवाखाना, भाजीवाला. यातला भाजीवाला घरचा की डब्यांचा, हे त्यांनाही सांगता येईना. महिन्याला चाळीसेक हजार सुटतात असं त्या धरून चालल्या होत्या. तीन महिने पैसे वेगळे ठेवल्यावर साध्या महिन्याचा आकडा आला १९,०००. पहाटे पाचला उठून केलेल्या कामाचा मोबदला म्हणून तो फार कमी होता. डब्याचा दर वाढवायचा निर्णय त्या आकड्यावरून झाला.

दुसरं कारण आयकराचं आहे. खात्यात आलेल्या रकमांबद्दल विचारणा झाली तर प्रत्येक रक्कम कुठून आली ते तुम्हालाच सांगावं लागतं. भावाने परत केलेले हातउसने ३०,००० आणि गिऱ्हाइकाने दिलेले ३०,००० एकाच खात्यात असतील, तर दोन वर्षांनी ते वेगळे करून दाखवणं अवघड जातं.

२. सध्या सगळं बचत खात्यावर चालतं. ते बेकायदा आहे का? दुसरं बचत खातं काढलं तर चालेल?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेच्या नावाने बचत खातं उघडता येत नाही, मग ती संस्था एकमालकी का असेना. तुमच्या स्वतःच्या नावाच्या बचत खात्यात रोज शंभर व्यवहार होऊ लागले, तर बँक विचारणा करू शकते आणि करंट अकाउंट काढायला सांगू शकते. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत मिळून १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक आयकर खात्याला कळवते. करंट अकाउंटसाठी ही मर्यादा ५० लाख आहे. कळवलं म्हणजे गुन्हा झाला असं नाही. पण रोखीचं दुकान बचत खात्यावर चालवलं तर नजरेत लवकर येतं.

दुसरं बचत खातं काहींना पुरतं. शिकवणी घेणारे, भाषांतर करणारे, महिन्याला पाच-सात बिलं स्वतःच्याच नावाने देणारे लोक कामाच्या पैशांसाठी वेगळं बचत खातं ठेवतात आणि त्यांचं काम त्यात भागतं. धंद्याला नाव असेल आणि गिऱ्हाईक त्या नावाने चेक देणार असेल, तर मात्र करंट अकाउंटला पर्याय नाही.

३. करंट अकाउंट काढायला कोणती कागदपत्रं लागतात?

मालकाचे पॅन, आधार, फोटो आणि त्याशिवाय धंदा अस्तित्वात आहे हे दाखवणारे दोन पुरावे. नियमात दोन मागितले आहेत. दोन देणं खरोखर शक्य नसेल, तर बँक जागा पाहून, खात्री करून एकावर खातं उघडू शकते. पण ते बँकेच्या मर्जीवर आहे, त्यावर विसंबू नका.

सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे उद्यम नोंदणी. ती udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन घेऊन घरबसल्या होते आणि पूर्णपणे मोफत आहे. यासाठी दीड-दोन हजार घेणारी, सरकारी वाटतील अशी संकेतस्थळं शोधात वर येतात. पत्ता नीट वाचूनच आत जा. दुसरा पुरावा बहुधा शॉप ॲक्टचा असतो, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो. लहान आस्थापनांना पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते, पण काही शाखा ही पावती पुरावा म्हणून घ्यायला कां-कूं करतात. म्हणून आधी शाखेत विचारा. जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, व्यवसाय कराची नोंदणी, किंवा धंद्याचं उत्पन्न दाखवलेलं आयकर विवरणपत्र हेही चालतं. खाण्याच्या धंद्याला अन्न परवाना तसाही लागतोच. तो सोबत न्या.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा नावामुळे. उद्यमवर 'अन्नपूर्णा गृहउद्योग', गुमास्त्यावर 'अन्नपूर्णा गृह उद्योग' आणि शिक्क्यावर 'अन्नपूर्णा फूड्स' असेल, तर बँकेच्या दृष्टीने ती तीन नावं आहेत. पहिला कागद काढतानाच इंग्रजी स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच पाहून भरा.

४. करंट अकाउंटला किमान शिल्लक फार लागते म्हणतात. परवडेल का?

आधी हे पाहा की बँक सरासरी शिल्लक मागते की रोजची किमान. बहुतेक ठिकाणी महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी असते. समजा १०,००० ची मासिक सरासरी हवी आहे. तुमच्या खात्यात २५ दिवस रोज ४,००० राहिले आणि भाडं-पगार देण्याआधीचे ५ दिवस ४०,००० राहिले, तर सरासरी बरोबर १०,००० भरते. म्हणजे पुरवठादाराला द्यायचे पैसे मुदतीपर्यंत खात्यातच राहू दिले तरी बरंच काम होतं.

करंट अकाउंटवर व्याज मिळत नाही, नियमानेच नाही. शिल्लक पडून राहते याचं वाईट वाटत असेल, तर जास्तीची रक्कम मुदत ठेवीत टाकता येते. खातं निवडताना मी एकच गोष्ट आधी विचारते: महिन्याला किती रोख फुकट भरता येते? दुकान रोखीचं असेल तर किमान शिल्लकीच्या दंडापेक्षा रोख भरण्याचं शुल्क जास्त खातं. दुकान क्यूआरवर चालत असेल, तर कमी शिल्लकीचं साधं खातं पुरे.

५. खातं उघडलं. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

घरच्या खात्यातून एक ठरावीक रक्कम नव्या खात्यात टाका आणि वहीत ती 'भांडवल' म्हणून लिहा. ताईंनी ४०,००० टाकले. त्या दिवसापासून धंद्याचा प्रत्येक खर्च याच खात्यातून आणि धंद्याची प्रत्येक जमा याच खात्यात.

क्यूआर बदलणं वाटतं तितकं सोपं नसतं. काउंटरवरचा कोड बदलला जातो, पण जुना कोड आणखी चार ठिकाणी राहिलेला असतो: डबा पोचवणाऱ्या मुलाच्या मोबाइलमध्ये, व्हॉट्सॲपच्या ठरलेल्या मेसेजमध्ये, बिलबुकाच्या तळाशी, आणि रोजच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तुमच्या नंबरावर. ताईंकडे तीन महिन्यांनीही सातेक गिऱ्हाइकं जुन्या नंबरावरच पैसे टाकत होती. असे पैसे घरच्या खात्यात आले की आठवड्यातून एकदा तेवढीच रक्कम मोजून करंटला पाठवा आणि गिऱ्हाइकाला नवा कोड पुन्हा पाठवा. घरच्या खात्यात आले म्हणून ते घरी वापरायचे नाहीत.

६. मालकाने पगार घेतला तर तो खर्चात धरता येतो का? कर वाचतो का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. एकमालकीत मालक स्वतःला नोकरीवर ठेवू शकत नाही. तुम्ही दरमहा घेता त्याला आपण बोलताना पगार म्हणतो, पण वहीत ती 'उचल' असते आणि भांडवल खात्यातून वजा होते. नफ्याच्या हिशेबात ती येतच नाही.

ताईंचा वर्षाचा नफा ४,०३,००० आणि उचल २,८८,००० असेल, तर कराच्या हिशेबात धरायचं उत्पन्न ४,०३,०००. उचल शून्य असती तरी तेच, पाच लाख असती तरी तेच. नोकरदाराला मिळणारी प्रमाणित वजावटही या 'पगारा'वर मिळत नाही. तेव्हा स्वतःच्या नावाची सॅलरी स्लिप बनवू नका. कर्ज मागताना बँक प्रोप्रायटरकडून विवरणपत्रं मागते, आणि त्यांच्याशी न जुळणारी स्लिप नुकसानच करते.

पगार ठरवून घेण्याचा उपयोग घराला आणि धंद्याला शिस्त लागण्यासाठी आहे. तो कसा, ते पुढच्या उत्तरात.

७. पगार किती घ्यायचा? माझी कमाई दर महिन्याला सारखी नसते.

चांगल्या महिन्यावरून पगार ठरवू नका आणि नुसत्या सरासरीवरूनही ठरवू नका. वर्ष कसं चढतं-उतरतं ते मांडून पाहा. ताईंचं वर्ष असं आहे.

साधा महिना: विक्री १,४०,०००. त्यातून किराणा-भाजी ७०,०००, दोन मदतनीस बायकांचे पगार २४,०००, गाळ्याचं भाडं १०,०००, गॅस-वीज ९,०००, पॅकिंग आणि पोचवणं ८,०००. उरतात १९,०००. असे महिने वर्षात आठ. मे-जूनमध्ये माणसं गावी जातात, डबे बंद होतात. त्या दोन महिन्यांत प्रत्येकी ८,००० उरतात. गणपतीच्या महिन्यात ४५,००० आणि दिवाळीच्या महिन्यात १,९०,०००. सगळं मिळून वर्षाला ४,०३,०००, म्हणजे सरासरी ३३,५०० च्या थोडी वर.

घरखर्चाला त्यांना २४,००० लागतात. सरासरी तेहतीस हजार, मग चोवीस घ्यायला काय हरकत, असं वाटेल. पण दिवाळी संपल्यावर काय होतं पाहा. नोव्हेंबर ते एप्रिल सहा साधे महिने, प्रत्येकात ५,००० कमी पडतात: ३०,०००. मे-जूनमध्ये १६,००० प्रमाणे ३२,०००. जुलैत आणखी ५,०००. म्हणजे गणपती येईपर्यंत ६७,००० चा खड्डा पडतो. पुढे गणपतीने तो थोडा भरतो आणि दिवाळीने पूर्ण भरून वर १,१५,००० उरतात. तेव्हा २४,००० चा पगार त्यांना परवडतो, पण एका अटीवर: दिवाळीच्या पैशातले ६७,००० त्याच महिन्यात बाजूला काढून पुढच्या जुलैपर्यंत फक्त पगाराला कमी पडेल तेवढंच त्यातून घ्यायचं. वरचे १,१५,००० हा त्यांचा खरा फायदा. त्यातून पुढच्या दिवाळीचं तूप, बेसन, सुकामेवा उधारीशिवाय भरता येतो, आणि फ्रिज किंवा ग्राइंडर बिघडला तर तोही.

ताईंनी सुरुवात जानेवारीत केली. तेव्हा मागच्या दिवाळीचे पैसे खर्च होऊन गेले होते. म्हणून पहिल्या दिवाळीपर्यंत पगार १५,००० ठेवला. हा आकडा असा आला: जानेवारी ते एप्रिल प्रत्येकी ४,००० मागे पडले, १६,००० झाले, मे-जूनमध्ये ७,००० प्रमाणे १४,००० त्यातून गेले, २,००० शिल्लक राहिले. भांडवलाच्या ४०,००० ना धक्का लागला नाही. घरात ते दहा महिने ओढाताणीचे गेले, हे खरं आहे. पण १५,००० पेक्षा जास्त धंदा देऊ शकत नव्हता. आधी जे जास्त वापरलं जात होतं ते वाण्याच्या उधारीतून येत होतं.

तुमच्याकडे वर्षाचे आकडे नसतील तर तीन महिने जे लागेल ते घ्या, फक्त प्रत्येक रक्कम लिहा. मग वर्षातला सर्वांत मंद महिना कोणता ते आठवून त्यावरून सुरुवात करा. पगार दर सहा महिन्यांनी वाढवता येतो. घराला वाढीव खर्चाची सवय लागल्यावर तो कमी करणं फार जड जातं.

८. पगार कोणत्या तारखेला आणि कसा घ्यायचा?

महिन्यातून एकदा, एकच रक्कम, करंटमधून घरच्या बचत खात्यात. एक तारीख घेऊ नका. आधी मदतनिसांचे पगार आणि भाडं जाऊ द्या, मग स्वतःचा. सात किंवा दहा तारीख बरी. बँकेला स्थायी सूचना देऊन ठेवली की तुम्हाला आठवण ठेवावी लागत नाही. हाताने पाठवत असाल तर शेऱ्यात दर वेळी तोच शब्द लिहा, 'उचल' किंवा 'DRAWINGS'. वर्षअखेरीस स्टेटमेंटमध्ये तो शब्द शोधला की बारा ओळी समोर येतात. बाराच्या जागी चाळीस आल्या, तर पगाराची रक्कम चुकीची ठरलेली आहे आणि प्रश्न ७ मधली मांडणी पुन्हा करायला हवी.

९. महिन्याच्या मध्येच घरी पैसे लागले तर? आणि धंद्यात कमी पडले तर घरचे घालायचे का?

दवाखाना थांबत नाही. घ्या, पण करंटमधून घरच्या खात्यात पाठवूनच घ्या; दवाखान्याचं बिल करंट अकाउंटवरून थेट भरू नका. पाठवताना शेऱ्यात 'जादा उचल' लिहा आणि ती पुढच्या तीन-चार पगारांतून कापायची की नाही ते त्याच दिवशी ठरवा.

उलट्या दिशेने, स्वतःच्या खात्यातून धंद्यात टाकलेले पैसे भांडवलात जमा होतात. ते कर्ज नाही आणि विक्रीही नाही, त्यावर कर लागत नाही. काळजी घ्यायची ती भावाकडून किंवा मित्राकडून उसने घेताना. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही आणि रोखीने परतही करता येत नाही. दंड थेट तेवढ्याच रकमेचा असू शकतो. घरगुती विश्वासाचा व्यवहार असला तरी बँकेतूनच करा.

१०. गल्ल्यातली रोख कशी वेगळी ठेवायची? संध्याकाळी भाजी तिथूनच घेतली जाते.

खातं वेगळं करूनही हिशेब बिघडतो तो इथे. गल्ल्यात ठरावीक सुटे ठेवा, समजा २,०००. रात्री मोजा. २,००० च्या वर जे आहे ते पाकिटात घालून वर तारीख आणि रक्कम लिहा, आणि आठवड्यातून एक-दोनदा बँकेत भरा. गल्ल्यातून काही बाहेर गेलं तर त्या जागी चिठ्ठी टाका: 'लिंबू, डब्यांसाठी, ६०' किंवा 'घरी, ३००'. रात्री रोख अधिक चिठ्ठ्या यांची बेरीज सकाळचे २,००० अधिक दिवसाची रोख विक्री यांच्याशी जुळली पाहिजे.

घरच्या चिठ्ठ्यांची महिनाअखेरीस बेरीज करा आणि पुढच्या पगारातून तेवढे कमी घ्या. ताईंच्या पहिल्या महिन्यातल्या 'घरी' चिठ्ठ्या ६,४०० च्या निघाल्या. त्यांना वाटत होतं, फार तर दीड हजार असतील.

रोखीने माल घेताना एक मर्यादा लक्षात असू द्या: एका दिवसात एका माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर, काही अपवाद सोडून, तो खर्च कराच्या हिशेबात धरला जात नाही.

११. मोबाइल, वीज, स्कूटरचं पेट्रोल, दुकानातून घरी नेलेला माल... यांचं काय?

सामायिक खर्चाला एक प्रमाण ठरवा आणि ते का ठरवलं ते वहीत लिहा. ताईंच्या स्कूटरचे महिन्याला साधारण २५ दिवस बाजार आणि डबे यांत जातात, म्हणून पेट्रोलचा तीन-चतुर्थांश धंद्याकडे. बिल नेहमी एकाच खात्यातून भरा आणि दुसऱ्या बाजूचा हिस्सा महिन्यातून एकदा वळता करा. दर बिलाला अर्धे-अर्धे भरू नका, त्यात गोंधळच वाढतो.

गॅसचं प्रमाण ठरवता येत नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगीच नाही. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तेव्हा ही दोन बिलं मुळातच वेगळी असायला हवीत.

दुकानातला माल घरी नेला तर तो खरेदीच्या किमतीने उचलीत लिहा. जीएसटी नोंदणी असेल, तर घरी वापरलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. महिन्याची यादी तुमच्या सीएकडे द्या.

१२. बायको किंवा नवरा दुकानात दिवसभर राबतो. त्यांना पगार देता येतो का?

देता येतो, पण करात फायदा होईलच असं नाही. तुमच्या धंद्यातून जोडीदाराला दिलेला पगार आयकरात पुन्हा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. जोडीदाराकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण-ज्ञान असेल आणि पगार त्यापोटीच असेल, तेवढा अपवाद. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट पत्नी असेल तर हे सहज दाखवता येतं. काउंटरवर बसण्यासाठी दाखवता येत नाही.

सज्ञान मुलगा, भाऊ, वहिनी यांना हा नियम लागत नाही. मात्र रक्कम बाजारभावाला धरून हवी, काम खरं हवं आणि पैसे दरमहा त्यांच्या खात्यात जायला हवेत. मार्चमध्ये एकदम लिहिलेला बारा महिन्यांचा पगार टिकत नाही.

करात फायदा नसला तरी जोडीदाराच्या नावाने दरमहा रक्कम त्यांच्या खात्यात जावी असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक घरांत बाईची वीस वर्षांची मेहनत कुठल्याच कागदावर नसते.

१३. आमची भागीदारी आहे किंवा एकट्याची कंपनी आहे. तिथे पगार खर्चात धरता येतो का?

हो, तिथे चित्र वेगळं आहे. भागीदारी करारात तरतूद असेल तर काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्चात धरता येतो. भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर दिलं तर एप्रिल २०२५ पासून १० टक्के करकपातही करावी लागते. कंपनीत, अगदी एकाच माणसाच्या कंपनीतही, संचालकाचा पगार हा खरा पगार असतो. पण तिथे कंपनीच्या खात्यातून 'जादा उचल' करता येत नाही. ते पैसे तुमचे नसून कंपनीचे आहेत, आणि ते तसे घेतले तर त्यावर वेगळा कर लागू शकतो.

१४. कराचे पैसे कुठे ठेवायचे?

आधी लागणार आहे का ते पाहा. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर येत नाही. ताईंना येत नाही. तुम्हाला येत असेल तर प्रत्येक महिन्याच्या नफ्यातला अंदाजे हिस्सा पगाराच्याच तारखेला मुदत ठेवीत टाका. अनुमानित योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून विवरणपत्र भरत असाल, तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. त्या योजनेत बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात. त्यामुळे गल्ला आणि खातं वेगळं दाखवता येणं तिथेही कामाला येतं.

१५. दोन्ही खाती आमच्या सहकारी बँकेत ठेवली तर चालेल?

चालेल, पण ठेव विम्याचा नियम माहीत असू द्या. एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि एकमालकी धंद्याचं करंट अकाउंट आणि मालकाचं बचत खातं त्यासाठी एकत्रच मोजलं जातं. दोन खाती म्हणून दहा लाख होत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ग्राहकाला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांचं घर आणि दुकान दोन्ही त्याच बँकेत होतं, त्यांचं दोन्ही एका दिवसात अडकलं. मी धंदा एका बँकेत आणि घर दुसऱ्या बँकेत असं सुचवते.

१६. चार वर्षांचं सगळं मिसळलेलं आहे. कुठून सुरू करू?

जुनी वर्षं उकरू नका. चालू आर्थिक वर्ष तेवढं सोडवा, कारण त्याचं विवरणपत्र अजून भरायचं आहे. एप्रिलपासूनचं स्टेटमेंट छापून घ्या आणि तीन रंगांची पेनं घ्या: धंद्याची जमा हिरवी, धंद्याचा खर्च निळा, घरचं सगळं लाल. जिथे आठवत नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. मोठ्या रकमा आधी घ्या. प्रश्नचिन्हाच्या ओळी शेवटी गिऱ्हाइकांच्या वहीशी आणि पुरवठादारांच्या बिलांशी ताडून पाहिल्या की निम्म्याहून जास्त सुटतात. उरलेल्या जमेच्या ओळींचं कारण सापडत नसेल, तर त्या विक्रीत धरायच्या की कसं, हे सीएसमोर बसून ठरवा.

ताईंच्या नऊ महिन्यांच्या स्टेटमेंटला आम्हाला दोन रविवार लागले. लाल ओळींची बेरीज करायला त्यांनी कॅल्क्युलेटर मुलीच्या हातात दिला. पुढच्या सोमवारी त्या बँकेत गेल्या, आणि सात दिवसांनी ४०,००० ची भांडवलाची नोंद त्यांनी नव्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिली.